व्हॉट्सॲपला लॉक लावलंय, पण ते लागतं कधी?

मागच्या व्हिडिओत आपण व्हॉट्सॲप बिझनेसचं ॲप लॉक चालू कसं करायचं ते बघितलं. चालू करायला अर्धा मिनिट लागतो, त्यामुळे तो भाग व्हिडिओत पटकन उरकला. पण त्याच स्क्रीनवर खाली तीन पर्याय असतात, किती वेळाने पुन्हा लॉक व्हायचं ते ठरवणारे. त्यावर मी एकच वाक्य बोलून पुढे गेलो होतो. चूक झाली. खरी गंमत तिथेच आहे, म्हणून हा लेख.

आपल्या बॅचमधल्या एक ताई ब्लाउज शिवतात आणि थोडं साड्यांचंही काम बघतात. दुकान घराच्या पुढच्या खोलीत. गिऱ्हाईक बायका मापं व्हॉट्सॲपवर पाठवतात, फिटिंग कुठे ढिलं वाटतंय ते दाखवायला स्वतःचे फोटोही पाठवतात. उधारीचं बोलणंही तिथेच. म्हणजे हा फोन नुसता धंद्याचा नाही, गावातल्या पन्नास घरांच्या गोष्टी त्यात आहेत. ताईंनी ॲप लॉक चालू केलेलं होतं. आणि तरीही व्हायचं ते झालं.

एक गिऱ्हाईक गळ्याचे डिझाइन बघायला आली. ताईंनी फोनची गॅलरी उघडून तिच्या हातात दिली आणि त्या आत अस्तराचं कापड आणायला गेल्या. तेवढ्यात वरून एक मेसेज सरकत आला. फोटो पुढे ढकलता ढकलता त्या बाईंचं बोट त्यावर पडलं आणि थेट चॅट उघडलं. मेसेज होता, ‘ताई, मागचे ८०० दिवाळीनंतर देते, घरी कुणाला कळू देऊ नका.’ आणि मेसेज पाठवणारी होती याच बाईंची धाकटी जाऊ! पुढे त्या घरात काय झालं असेल ते सांगायला नको. धाकट्या जाऊबाईंनी ताईंकडे शिवायला टाकणं बंद केलं, आणि वर त्या चार ठिकाणी सांगतात, हिच्याकडे गोष्ट राहत नाही.

ताई मला म्हणाल्या, “सर, लॉक तर चालूच होतं. मग बोट का नाही मागितलं त्याने?”

आम्ही त्यांचा फोन घेऊन बसलो आणि एकेक गोष्ट बघितली. तुम्हीही आत्ता तुमचा फोन हातात घ्या, सोबत करत चला.

आधी वेळेचं बघू

अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सॲप उघडा, वरच्या तीन टिंबांवरून `Settings` मध्ये जा, मग `Privacy`, आणि खाली सरकत `App lock`. तिथे `Unlock with biometric` चालू केलं की खाली तीन पर्याय दिसतात: `Immediately`, `After 1 minute` आणि `After 30 minutes`. साधं व्हॉट्सॲप असो की बिझनेस, रस्ता हाच.

ताईंनी `After 30 minutes` निवडलं होतं. का? तर सारखं सारखं बोट लावायचा कंटाळा. आपल्यापैकी निम्म्या लोकांनी हेच केलेलं असणार, हात वर करायची गरज नाही.

आता या तीस मिनिटांचा अर्थ नीट समजून घ्या. ही तीस मिनिटं कधीपासून मोजली जातात? तुम्ही व्हॉट्सॲपमधून बाहेर पडलात त्या क्षणापासून. होमचं बटण दाबलं, दुसऱ्या ॲपवर गेलात किंवा स्क्रीन बंद झाली, की घड्याळ सुरू. तीस मिनिटांच्या आत पुन्हा व्हॉट्सॲप उघडलं तर बोट न मागता ते उघडतं. आणि पुन्हा बाहेर पडलात की मोजणी परत शून्यापासून.

ही शून्यापासूनची गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ताईंचा दिवस बघा. सकाळी १० वाजता दुकान उघडलं, बोट लावून व्हॉट्सॲप उघडलं, दोन मेसेजना उत्तरं दिली आणि बाहेर पडल्या. १०:२० ला कुणीतरी माप पाठवलं, ते बघितलं. तीस मिनिटं झाली नव्हती, त्यामुळे बोट मागितलं नाही. १०:४५ ला अस्तराचा भाव विचारला. पुन्हा तेच. चालू धंद्यात वीस-पंचवीस मिनिटं व्हॉट्सॲप न उघडता कोण राहतं? त्यामुळे सकाळी १० ला लावलेलं बोट दुपारी जेवायला जाईपर्यंत पुरलं. जेवून आल्यावर एकदा बोट, ते थेट रात्री दुकान बंद होईपर्यंत. म्हणजे दिवसभरात लॉक उघडलं दोन वेळा, आणि दुकानात गिऱ्हाईक असताना ते बहुतेक वेळ लागलेलंच नव्हतं. दाराला कडी आहे, पण दिवसभर ती काढलेलीच आहे, असा प्रकार.

धंदा जितका जोरात, तितकं हे लॉक कमी लागतं. ज्या दिवशी दुकानात गर्दी, ज्या दिवशी फोन जास्त हातांत फिरतो, नेमकं त्याच दिवशी ते उघडं. लग्नसराईत तर विचारूच नका.

मग काय, `Immediately` लावायचं? ते आम्ही ताईंना एक दिवस करून बघायला सांगितलं. संध्याकाळी त्यांचा वैतागलेला फोन. मापं व्हॉट्सॲपवर, हिशेब कॅल्क्युलेटरवर. छातीचं माप बघितलं, कॅल्क्युलेटरवर गेल्या, परत आल्या तर बोट. कंबरेचं माप, परत बोट. त्यात हाताला मार्किंगचा खडू, बोटांना सुया टोचून टोचून कातडी जाड झालेली. बोट लागेचना. सलग पाच वेळा चुकलं की अँड्रॉइड साधारण अर्धा मिनिट बोट घेतच नाही. समोर गिऱ्हाईक उभं आणि या फोनकडे बघत बसलेल्या.

असं झालं की माणूस काय करतो? लॉकच बंद करून टाकतो. म्हणून जे तुम्ही आठवड्याभरात कंटाळून बंद कराल, ते सेटिंग मी तुम्हाला सुचवत नाही, भले ते सगळ्यात कडक असो.

ताईंसाठी `After 1 minute` बरोबर बसलं. कॅल्क्युलेटरवर जाऊन परत यायला वीस सेकंद लागतात, तेवढ्यात बोट लागत नाही. पण फोन गॅलरी उघडून गिऱ्हाइकाच्या हातात दिला की मिनिटभरात व्हॉट्सॲप बंद. डिझाइन निवडायला कुठलीही बाई मिनिटापेक्षा जास्तच घेते, हे आपण सगळे जाणतो.

तुमचा फोन दिवसभर तुमच्याच खिशात असेल, तुम्ही बाहेर फिरून ऑर्डर घेत असाल, तर वेगळं उत्तर येऊ शकतं. तिथे फोनचं स्वतःचं स्क्रीन लॉक पहिलं काम करतं आणि व्हॉट्सॲपचं दुसरं. पण फोन काउंटरवर उघडा पडत असेल, तो दुसऱ्याच्या हातात जात असेल, तर अर्ध्या तासाचा पर्याय तुमच्यासाठी नाही.

आयफोनवाल्यांनो, तुमच्याकडे वेळा थोड्या वेगळ्या आहेत: लगेच, १ मिनिट, १५ मिनिटं आणि १ तास. तो १ तासाचा पर्याय दुकानात अजिबात नको. वरचा हिशेब त्याला दुप्पट लागू.

पण एक मिनिट लावलं असतं तर वाचलो असतो का?

मला वाटलं होतं की वेळ बदलला, काम झालं. मग ताईंनीच विचारलं, “सर, तो मेसेज तर वरतीच दिसला होता की!”

बरोबर! चॅट उघडायच्या आधीच ‘घरी कुणाला कळू देऊ नका’ हे सूचनेच्या पट्टीत अक्षरशः वाचता येत होतं. लॉक लागलेलं असतं तर बोट पडल्यावर चॅट उघडलं नसतं, मागचा पुढचा संवाद दिसला नसता. पण तो मेसेज तरीही वाचला गेला असता. ॲप लॉक ॲपचं दार बंद करतं. सूचना दाराबाहेर येऊन बोलतात.

त्यासाठी त्याच `App lock` च्या स्क्रीनवर, तीन पर्यायांच्या खाली, `Show content in notifications` असं एक बटण आहे. ते बंद करा. मग मेसेज आल्याचं कळतं, पण आत काय लिहिलंय ते बाहेर दिसत नाही. तोटा आहे: कुणाचा मेसेज महत्त्वाचा हे उघडल्याशिवाय कळत नाही. ताईंना आधी ते अवघड गेलं. पण ज्यांच्याकडे लोक उधारी, आजारपण, अंगावरच्या कपड्यांचे फोटो अशा गोष्टी पाठवतात, त्यांनी हा तोटा सोसावा असं माझं स्पष्ट मत आहे. हार्डवेअरचं दुकान असेल आणि सगळे मेसेज ‘अर्धा इंची एल्बो आहे का’ असेच असतील, तर चालू ठेवा, काही बिघडत नाही.

दोन गोष्टी जाता जाता. लॉक असतानाही आलेला व्हॉट्सॲप कॉल घेता येतो, बोट लागत नाही. आणि आलेले फोटो फोनच्या गॅलरीत आपोआप जमा होत असतील तर त्यांना हे लॉक लागत नाही. ताईंच्या गॅलरीत डिझाइनच्या शेजारीच गिऱ्हाइकांचे फिटिंगचे फोटो होते, आणि तीच गॅलरी त्या हातात देत होत्या. मला तर घामच फुटला! `Settings`, मग `Chats`, तिथे `Media visibility` बंद करा. हे नवीन येणाऱ्या फोटोंना लागू होतं, आधीचे गॅलरीतून स्वतः हलवावे लागतात. आम्ही डिझाइनचा वेगळा अल्बम केला. शेजारच्या अल्बममध्ये कुणी गेलं तरी बघण्यासारखं काही राहू नये, म्हणून फिटिंगचे जुने फोटो काम झालेलं बघून पुसून टाकले.

बोट कुणाचं?

आता सगळ्यात मोठी गोष्ट. वेळ बदलला, सूचना झाकल्या, आणि मी ताईंना म्हणालो, आता हा फोन तुमच्या हाताखालच्या मुलीकडे द्या, तिला व्हॉट्सॲप उघडायला सांगा. तिने अंगठा लावला. उघडलं!

तिचा अंगठा फोनमध्ये ताईंनीच टाकला होता, सहा महिन्यांपूर्वी. ‘पैसे आले का’ बघायला तिला सारखा फोन उघडावा लागायचा म्हणून. फोनमध्ये एकूण तीन बोटं निघाली: ताईंची, मिस्टरांचं आणि या मुलीचं.

व्हॉट्सॲप तुमचं बोट ओळखत नाही. ते फोनला फक्त विचारतं, ‘हे तुझ्याकडे नोंदवलेलं बोट आहे का?’ फोन हो म्हणाला की दार उघडं. मालक कोण, नोकर कोण, त्याला काही कळत नाही. म्हणजे फोनमध्ये जितकी बोटं, तितक्या व्हॉट्सॲपच्या किल्ल्या.

फोनच्या सेटिंगमध्ये सुरक्षा किंवा स्क्रीन लॉकच्या विभागात फिंगरप्रिंटची यादी मिळेल. कंपनीप्रमाणे नाव थोडं बदलतं. बऱ्याच फोनमध्ये त्या यादीवर असताना बोट लावलं की यादीतलं नेमकं ते नाव चमकतं, त्यामुळे कुठलं कुणाचं ते कळतं. ज्याचा मालक सापडत नाही ते पुसून टाका. ती यादी उघडायला फोनचा पिन लागतो. आणि आता दुसरा अर्धा भाग ऐका: ज्याला पिन माहीत आहे, तो स्वतःचं बोट पुन्हा घालू शकतो. त्यामुळे बोट पुसलं पण पिन तोच ठेवला, तर अर्धंच काम झालं. पिनही बदला. आयफोनवर तर चेहरा ओळखला नाही की तो फोनचाच पासकोड मागतो आणि तेवढ्यावर व्हॉट्सॲप उघडतो.

हे सांगितल्यावर ताई जरा अवघडल्या. “मुलगी चांगली आहे हो, चार वर्षं आहे माझ्याकडे. तिला काय वाटेल?” प्रश्न खराच आहे. मी म्हटलं, तिच्यावर संशय म्हणून नाही, तिच्यावर आळ येऊ नये म्हणून. त्या ८०० रुपयांची गोष्ट फुटली तेव्हा धाकट्या जाऊबाईंचा पहिला संशय या मुलीवरच गेला होता, आणि ती दोन दिवस रडत होती. ताईंनी तिला समोर बसवून हेच सांगितलं आणि तिच्या देखतच बोट काढलं. पैसे आल्याचं कळायला काउंटरवर साउंडबॉक्स घेतला. आता पैसे आले की तो मोठ्याने सांगतो, फोन उघडायचं कारणच उरलं नाही.

मग ताईंच्या स्वतःच्या बोटांकडे वळलो. सुईने टोचलेलं उजवं बोट सारखं चुकत होतं. आम्ही तेच बोट दोनदा नोंदवलं, एकदा हात धुऊन आणि एकदा काम चालू असताना जसं असतं तसं. शिवाय डाव्या हाताचा अंगठा टाकला, कारण त्या हाताला सुई कमी लागते. आता पाचातून एकदा चुकतं, आधी उलटं होतं.

पिन बदलणं शक्यच नसेल तर

काही घरांत एकच फोन असतो, मुलं त्यावर अभ्यास करतात, पिन सगळ्यांना माहीत. तिथे वरचा उपाय लागू पडत नाही आणि व्हॉट्सॲपचं ॲप लॉक तिथे खरंच कमी पडतं. ते फोनच्या लॉकवर उभं आहे.

टेलिग्रामचं वेगळं आहे, तुलनेसाठी सांगतो. तिथे `Privacy and Security` मधल्या `Passcode Lock` मध्ये फोनच्या पिनपेक्षा पूर्ण वेगळा पासकोड ठेवता येतो. आपोआप लॉक व्हायची वेळ `Auto-lock` मध्ये निवडायची: १ मिनिट, ५ मिनिटं, १ तास, ५ तास. वर कुलपाचं चिन्ह येतं, ते दाबलं की तिथल्या तिथे लॉक, मिनिटभर थांबायचं नाही. फोन कुणाला द्यायच्या आधी एक टिचकी, बस. फक्त त्यात फिंगरप्रिंटने उघडायचा पर्याय बंद ठेवा, नाहीतर पुन्हा फोनमधली सगळी बोटं चालायला लागतील आणि आपण होतो तिथेच. आणि तो पासकोड विसरू नका. विसरलात तर ॲप काढून परत टाकावं लागतं. साधी चॅट परत येतात, पण सिक्रेट चॅट कायमची जातात.

एवढं तपासून बघा

सेटिंग बदललं की झालं असं समजू नका, आम्ही ताईंकडे जे केलं ते करा. `After 1 minute` लावून व्हॉट्सॲपमधून होमवर या. मनात वीसपर्यंत मोजून परत उघडा, बोट मागता कामा नये. परत होमवर या आणि यावेळी घड्याळ लावून दीड मिनिट थांबा. आता मागायलाच हवं. मग घरातल्या दुसऱ्या कुणाला बोट लावायला सांगा, उघडता कामा नये. शेवटी कुणाला तरी तुम्हाला एक मेसेज पाठवायला सांगा, तुम्ही गॅलरीत असताना. वर फक्त मेसेज आल्याचं दिसायला हवं, मजकूर नाही.

आणि दुकानातल्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप वेब चालू असेल तर मान वर करून तिकडे बघा. फोनचं लॉक तिथे लागत नाही, तिथे सगळी चॅट उघडी. त्याचं स्क्रीन लॉक वेगळं असतं, वेगळा पासवर्ड ठेवून त्याच्याच सेटिंगमधून चालू करावं लागतं. ताईंच्या मिस्टरांच्या लॅपटॉपवर ते दोन वर्षांपासून चालू होतं, ताईंना पत्ताच नव्हता. फोनवर `Linked devices` मध्ये जाऊन आम्ही ते आधी काढून टाकलं आणि मग चहा घेतला.